आजचा म्हणजे आज आलेला

“मावशी, बांगडा आजचा आहे का?”

“आजचाच की ताई. पहाटं गाडी आली.”

पुण्याच्या गणेश पेठेतल्या मासळी बाजारात हा प्रश्न आणि हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलंय की त्यातली गंमत लक्षात यायला मला काही वर्षं लागली. मावशी खोटं बोलत नव्हत्या. मी विचारत होते बांगडा समुद्रातून कधी निघाला ते, आणि त्या सांगत होत्या तो पुण्यात कधी पोचला ते. माझं माहेर गुहागरकडचं. तिथे ‘आजचा’ म्हणजे सकाळी होडीतून उतरलेला आणि दहा वाजता टोपलीतून दारात आलेला. इथे ‘आजचा’ म्हणजे आज गाडीतून उतरलेला. या दोन आजांमध्ये दोन दिवस असतील किंवा दहाही असतील.

दहा म्हटलं म्हणून दचकू नका. मोठे ट्रॉलर एकदा बाहेर पडले की आठवडाभर, कधी त्याहून जास्त समुद्रात राहतात. पहिल्या दिवशी सापडलेली मासळी बर्फात घालून खणात ठेवतात, तिच्यावर दुसऱ्या दिवसाची, मग तिसऱ्या. बंदरात लिलाव होतो, माल पुन्हा बर्फात भरला जातो आणि रात्रभर घाट चढून पुण्यात येतो. आंध्रातून येणारा रहू आणि कतला तर तळ्यातून निघून नऊशेएक किलोमीटर करून येतो. तो सगळा वाईट असतो का? मुळीच नाही. खणाच्या तळाशी नीट बर्फात निजलेला पाच दिवसांचा बांगडा आणि उन्हात टोपलीत पडलेला पाच तासांचा बांगडा यांत मी डोळे झाकून पहिला उचलीन. समुद्रापासून दूर राहणाऱ्या माणसाने माशाचं वय विचारू नये. त्याचा बर्फ कधी तुटला होता का, ते शोधावं.

आम्ही राहतो मुळशी तालुक्यातल्या जांब्यात. हिंजवडीच्या मागे, पुनावळे-मारुंजीच्या शेजारी. शेतं आहेत, इमारती त्याहून वेगाने आहेत, आणि त्या इमारतींत माझ्यासारखी कोकणातून, गोव्यातून, बंगालातून आलेली मासेखाऊ माणसं पुष्कळ आहेत. रस्त्याकडेला टोपली घेऊन बसणारे विक्रेते आहेत, आसपास दुकानं आहेत. पण निवड करायची, चार ठिकाणी हात लावून बघायचं, तर गणेश पेठ. घरापासून पंचवीसेक किलोमीटर. शिवाजीनगर, विद्यापीठ, औंध, वाकड असं करत परत यायला रविवारी सकाळीही तास-सव्वा तास जातो. हा सव्वा तास म्हणजे माशाच्या प्रवासाचा शेवटचा तुकडा, आणि तेवढा एकच आपल्या हातात असतो. आम्ही तो नेमका कसा वाया घालवला, ते आधी सांगते.

सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. ऑक्टोबरचा उकाडा होता. दीड किलो बांगडा घेतला, साफ करून घेतला, काळ्या पिशवीत भरून स्कूटरच्या डिकीत टाकला. वाटेत एका नातेवाइकांकडे ‘पाच मिनिटं’ थांबलो. चहा झाला, पोहे झाले, गप्पा झाल्या. स्कूटर उन्हात. घरी पोचायला एकूण अडीच तास लागले. बांगड्याला वास येत नव्हता. मी मीठ, हळद, आगळ लावून ठेवला, दुपारी तिखट-कोथिंबिरीचं कालवण केलं आणि चार तुकडे तळले. जेवून अर्धा तास झाला नसेल, नवऱ्याचा चेहरा आणि मान लालभडक झाली. मग माझं डोकं ठणकायला लागलं. जेवताना जिभेला मिरीसारखी चुणचुण लागली होती, ती मी मसाल्यावर ढकलली होती. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “बांगडा खाल्लात का?” आणि दुसरा, “तो किती वेळ बाहेर होता?” संध्याकाळपर्यंत सगळं शमलं. पुढचे दोन महिने मात्र मी त्या मासेवालीच्या नावाने बोटं मोडत होते, आणि तिचा काही दोष असल्याचा माझ्याकडे एकही पुरावा नव्हता.

झालं होतं ते असं. बांगडा, तारली, कुपा, सुरमई अशा माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचं द्रव्य भरपूर असतं. मासा जिवंत असताना ते निरुपद्रवी. मेल्यावर कल्ल्यांतले आणि आतड्यातले काही जिवाणू त्याचं हिस्टामीन करतात. आपल्याला ॲलर्जी होते तेव्हा शरीर जे सोडतं तेच हे. म्हणून अंगावर लाली, खाज, डोकेदुखी अशी लक्षणं ॲलर्जीसारखीच दिसतात, आणि ‘मला बांगडा सोसत नाही’ म्हणणाऱ्या काही जणांना खरं तर एकदाच गरम झालेला बांगडा मिळालेला असतो. ज्याला दम्याचा त्रास आहे किंवा ज्याचा श्वास कोंडतो, त्याने मात्र घरी वाट न बघता दवाखाना गाठावा.

यातली खरी मेख पुढे आहे. हिस्टामीन एकदा तयार झालं की उकळून जात नाही, तळून जात नाही, फ्रीझरमध्ये घालूनही जात नाही. आगळ, चिंच, हळद यांनी तर नाहीच. आणि त्याला वास असेलच असं नाही. मासा कुजल्याचा वास येण्याआधीच ते पुरेसं साठू शकतं. म्हणजे नाक, जे आपलं सगळ्यात भरवशाचं हत्यार, ते इथे कमी पडतं. उपाय एकच, ते होऊ द्यायचं नाही. बर्फात हे जिवाणू जवळजवळ हलत नाहीत. पंचवीस-तीस अंशांना ते काही तासांत काम उरकतात.

त्या दिवसानंतर मी बाजारात दोन गोष्टी घेऊन जाते. एक थर्माकोलचा खोका आणि दुसरी स्वयंपाकघरातला टोचायचा तापमापक. पहिली बघून कोणी हसत नाही. दुसरी बघून सगळे हसतात.

गेल्या वर्षी दसरा झाल्यावरचा रविवार. नवरात्राचे उपास संपलेले, त्यामुळे बाजारात पाय ठेवायला जागा नाही. गणेश पेठ म्हणजे डुल्या मारुती, दूधभट्टी, बांबू आळी आणि ही मासळी. एका बाजूला समुद्राचा माल, पापलेट, हलवा, सुरमई, रावस, करली, बोंबील. मग खाडीचे सौंदाळे, तांबोशी, लेपा, तिसऱ्या. आणि नदीतळ्याचे रहू, कतला, मरळ, चिलापी. मी नेहमीच्या मावशींपुढे उभी राहिले आणि ढिगाच्या वरच्या बांगड्याच्या पाठीत सुई टोचली. अकरा अंश. मग हात घालून बर्फाखालचा एक ओढला. तीन अंश. एकाच गाडीतून आलेले, एकाच टोपलीतले दोन बांगडे.

“खालचे द्या,” मी म्हटलं.

“सारखेच हायती ओ ताई.”

“सारखेच आहेत तर खालचे द्या.”

त्यांनी हसून खालचे दिले. तापमापक नसेल तर हाताची पाठ माशाला लावावी. बर्फातला मासा झोंबतो, नुसता ओला मासा गार वाटतो. फरक एकदा कळला की विसरत नाही. ढिगातला बर्फ थोडा निळसर दिसला तर घाबरायचं कारण नाही. खाण्याचा नसलेला, फक्त माल टिकवायचा बर्फ ओळखू यावा म्हणून त्यात निळा रंग घालायचा नियम २०१८ पासून आहे. तो सरबतात जाऊ नये, एवढाच त्याचा हेतू.

आता खुणा. आई मला पहिल्यांदा शेपूट बघायला शिकवायची. बांगडा डोक्याशी धरून आडवा ठेवायचा. शेपूट सरळ राहिली तर मासा नुकताच ताठलेला आहे. मेल्यावर काही तासांनी स्नायू आखडतात आणि बर्फात तो ताठा दिवसभर, कधी जास्तही टिकतो. शेपूट ओघळली म्हणजे ताठा येऊन गेला, इतकंच. मासा वाईट झाला असं नाही. पुण्यात शेपूट सरळ ठेवणारा बांगडा क्वचित भेटतो, आणि भेटला तर तो गोठवलेला तर नाही ना, हे आधी बघावं. गोठवून सोडवलेल्या माशाचा डोळा पांढरट आणि सपाट असतो, अंग दाबलं की पाणी सुटतं, आणि बोटाचा खळगा तसाच राहतो. गोठवलेला मासा घ्यायला हरकत नाही, फक्त तो ताज्याच्या भावाने घेऊ नये, आणि घरी नेऊन पुन्हा गोठवू नये.

बांगडा आणि तारली यांच्यात मला सगळ्यात खात्रीची खूण पोटाची वाटते. हे मासे खादाड. पकडले जातात तेव्हा पोट भरलेलं असतं, आणि मेल्यावर आतले पाचक रस अन्न संपवून पोटाच्या भिंतीला लागतात. पोट मऊ होतं, पिवळं-तपकिरी पडतं, शेवटी फुटतं. हे थंडीत हळू होतं आणि उष्णतेत भराभर. म्हणजे फुटकं पोट ही बर्फ तुटल्याची जवळजवळ लेखी कबुलीच. ढिगातले दोन-चार बांगडे पोट फुटलेले असतील, तर उरलेले विक्रेत्याने वेचून वर मांडले आहेत असं समजून पुढे जावं.

कल्ले उघडून बघायचे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. लाल चांगले, तपकिरी वाईट. त्यात मी एवढंच घालीन की रंगाबरोबर वासही घ्यावा आणि बोट लावून बघावं. कल्ले धुऊन, कधी रंग लावूनही लाल ठेवता येतात, पण चिकट, गढूळ थर आणि आंबूस वास झाकणं अवघड. ताज्या कल्ल्यावरचा चिकटपणा पाण्यासारखा स्वच्छ असतो आणि वास समुद्राच्या शेवाळाचा, काही वेळा चक्क काकडीसारखा. ज्याला आपण ‘माशाचा वास’ म्हणतो, तो खरं तर ताज्या माशाचा नव्हेच. समुद्राच्या खाऱ्या पाण्यात तग धरायला मासे अंगात एक द्रव्य बाळगतात. मेल्यावर जिवाणू त्याचं रूपांतर करतात आणि त्यातून तो ओळखीचा उग्र वास येतो. गोड्या पाण्यातल्या माशांत हे द्रव्य जेमतेम असतं, म्हणून समुद्राच्या नाकाने रहू पारखायला गेलात तर फसाल. तो बिघडला तरी तसा ओरडत नाही. त्याचे कल्ले, डोळा आणि पोट बघायचं. आणि त्याला चिखलाचा वास आला तर तो शिळेपणाचा नव्हे, तळ्याचा.

पापलेटचा कल्ला इतका लहान की उघडून काही दिसत नाही. तिथे मावशी दुसरी युक्ती करतात. डोक्याशी, कल्ल्याच्या खाली अंगठ्याने दाबतात. पांढरं, दुधी पाणी आलं तर घ्या, लालसर किंवा तपकिरी आलं तर राहू द्या. माझा अनुभव या युक्तीच्या बाजूने आहे. पण बाजारात दिवसभर शंभर हातांनी दाबलेल्या पापलेटावर ती कशी चालायची? म्हणून मी खवल्यांची चकाकीही बघते. खवले पुसले गेलेला मासा खूप हाताळला गेलाय. मग तो गरमही झालेला असतो, कारण प्रत्येक हात त्याला थोडी ऊब देऊन जातो.

डोळ्यावर मात्र फार विसंबू नये, असं माझं मत. फुगीर, काळाभोर डोळा चांगलाच. पण बर्फाचा खडा थेट डोळ्यावर टेकला तर ताज्या माशाचाही डोळा पांढुरका होतो. बोंबील तर सगळेच नियम मोडतो. तो जन्मतःच लिबलिबीत, त्याला दाबून काय बघणार? तो पारदर्शक, गुलाबीसर आणि ताठ जबड्याचा असला तर घ्यावा, पिवळट असला तर सोडावा, आणि घेतला तर दुपारच्या जेवणातच संपवावा. कोळंबीचं डोकं धडाला घट्ट हवं. डोक्यावर काळे डाग दिसले तर ते कुजणं नसतं, कापलेलं सफरचंद काळं पडतं तशातला प्रकार असतो, पण वेळ गेलाय हे त्यातून कळतं. मुशीला अमोनियाचा वास आला, डोळ्याला झोंबला, तर भाव कितीही पडू दे, नको.

फॉर्मेलिनचं विचारतात लोक. २०१८च्या जुलैत गोव्यात त्यावरून मोठं वादळ उठलं आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही दिवस बंदी आली, तेव्हापासून प्रत्येकाला ताठ मासा दिसला की शंका येते. माशी बसली नाही म्हणजे फॉर्मेलिन, ही कसोटी मी कानामागे टाकते. बर्फाच्या ढिगावर माशा तशाही कमी बसतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने कागदी पट्टीची चाचणी तयार केली आहे, ती खरी कसोटी. डोळ्याने ते कळत नाही. आणि बोंबिलासारख्या काही माशांत बर्फात असतानाही थोडं फॉर्मल्डिहाइड आपोआप तयार होतं, हेही लक्षात ठेवावं.

जून-जुलैत पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक मासेमारी बंद असते. तेव्हा पुण्यात समुद्राची मासळी दिसते ती पूर्व किनाऱ्याकडची, किंवा शीतगृहातली. त्या दोन महिन्यांत मी माझ्या सासूबाईंचं ऐकते. त्या मुळशीच्याच. आम्ही त्यांना आत्या म्हणतो. आत्यांच्या लेखी बर्फातला मासा हा मासाच नव्हे. त्यांच्या लहानपणी पहिल्या पावसात ओढ्याला चढणीचे मासे यायचे, रात्री बत्ती घेऊन खेकडे धरायचे, आणि ताजेपणाची खूण एकच, हलतोय का. “हलंना तर आणू नगं,” हा त्यांचा कायदा. खेकड्यांना आणि तिसऱ्यांना तो आजही तंतोतंत लागू आहे. मेलेला खेकडा फुकट मिळाला तरी घ्यायचा नाही. तिसऱ्यांवर टकटक केल्यावर शिंपला मिटला पाहिजे. आणि या जिवंत मालाची वाहतूक उलटी. त्यांना पिशवीत गच्च बांधलं तर गुदमरतात, बर्फाच्या पाण्यात बुडवलं तर गोड्या पाण्याने मरतात. ओल्या फडक्यात गुंडाळून, खोक्यात बर्फापासून थोडं वेगळं, झाकण जरा किलकिलं.

आता बर्फाचा हिशेब. हा कोणी शिकवत नाही, आणि आहे मात्र अगदी सोपा. १ किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता पितो. १ किलो मासा १ अंशाने गार करायला साधारण पाऊण ते पाऊणहून थोडी जास्त, म्हणजे ०.८ किलोकॅलरी काढून घ्यावी लागते. समजा २ किलो मासा २५ अंशांवर गेलाय. त्याला शून्यावर आणायला २ गुणिले २५ गुणिले ०.८, म्हणजे ४० किलोकॅलरी. अर्धा किलो बर्फ. एवढा बर्फ नुसता गार करण्यात संपला, टिकवायला काही उरलं नाही. टिकवायचा खर्च खोक्याच्या भिंतींतून येणाऱ्या उष्णतेचा. माझा खोका दीड फुटाच्या आतला, भिंत दोन सेंटिमीटर जाड. बाहेर तीस अंश असताना तो ताशी पाव किलो किंवा थोडा जास्त, म्हणजे अडीचशे-तीनशे ग्रॅम बर्फ खातो. सव्वा तासाला चारशे ग्रॅम धरा. वाहतूक कोंडीला तेवढाच राखीव ठेवा. बेरीज दीड किलोच्या आत येते. तरीही मी २ किलो माशाला २ किलो बर्फ घेते, कारण बर्फाचे मोठे खडे सगळीकडे टेकत नाहीत आणि जिथे बर्फ टेकत नाही तिथे हिशेब चालत नाही. म्हणून तो फोडून घ्यावा. हरभऱ्यापासून सुपारीएवढे तुकडे.

खोका भरायची पद्धत अशी. तळाला बर्फाचा जाड थर, त्यावर मासा, मध्ये बर्फ, वर पुन्हा बर्फ. उष्णता वरून आणि बाजूंनीही येते, फक्त खाली बर्फ ठेवून वर मासा पसरणं म्हणजे गादीवर झोपून पांघरूण न घेणं. अख्खा मासा थेट बर्फात चालतो. तुकडे केलेली सुरमई मात्र हवा काढलेल्या पिशवीत बांधून मग बर्फात, नाही तर वितळलेलं पाणी तिची चव आणि रंग धुऊन नेतं. साफ करून घ्यायचं की अख्खं न्यायचं, यावर घराघरांत वाद आहेत. मी बांगडा साफ करून घेते, कारण बिघाडाचं मूळ आतड्यात आणि कल्ल्यात आहे. पण अट अशी की कापणाऱ्याच्या बादलीतल्या पाण्यात धुवायचा नाही. त्या पाण्यात सकाळपासून किती माशांची पोटं धुतली गेलीत, ते बादलीलाच माहीत. तसाच खोक्यात, धुणं घरी.

त्या रविवारी मी एक वेडेपणा केला. दोन बांगडे अख्खेच ठेवून ते खोक्यात न घालता साध्या पिशवीत गाडीच्या पायाशी ठेवले. निघताना सगळेच चार-सहा अंशांवर. सव्वा तासाने जांब्यात गाडी लावली तेव्हा खोक्यातले बांगडे दोन अंशांवर होते आणि पिशवीतले बावीसवर.

मासा बिघडण्याच्या वेगाचं एक ढोबळ सूत्र मत्स्यशास्त्रात वापरतात. बर्फातला, म्हणजे शून्य अंशातला वेग एक धरला तर पाच अंशांना तो सव्वादोन पट, दहाला चौपट, वीसला नऊपट. म्हणजे दहा अंशांवरचा एक दिवस हा बर्फातल्या चार दिवसांएवढा. पिशवीतल्या बांगड्याचं तापमान वाटेत हळूहळू चढलं, सरासरी पंधरा-सोळा धरू. त्याने सव्वा तासात बर्फातले आठेक तास खर्च केले. नीट बर्फात बांगडा आठ-दहा दिवस खाण्याजोगा राहतो, चवीचे पहिले तीन-चार. त्यातले आठ तास म्हणजे फार नाही. खरं सांगायचं तर मला याहून भयानक आकडा हवा होता. म्हणजे गणेश पेठेतून सरळ घरी आलात आणि लगेच शिजवलंत, तर पिशवीतूनही बिघडत नाही. बिघडतं ते त्यानंतर. पिशवी ओट्यावर ठेवली जाते, कोणी तरी पेपर वाचायला बसतं, मसाला वाटायचा राहिलेला असतो, आणि बावीस-पंचवीस अंशांवर प्रत्येक तासाला बर्फातले दहा-बारा तास जातात. आमच्या त्या डिकीत उन्हामुळे याहून कितीतरी जास्त झालं असणार. सूत्र तिथपर्यंत ताणू नये, पण नवऱ्याच्या लाल चेहऱ्याने ते ताणून दाखवलं होतंच.

फ्रिजचाही गैरसमज आहे. फ्रिज म्हणजे बर्फ नव्हे. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो, दार उघडझाप केल्यावर त्याहून वर. त्यात मासा बर्फाच्या दुपटीने बिघडतो. संध्याकाळी किंवा उद्या सकाळी करायचा असेल तर मी चाळणीत बर्फ, त्यावर पिशवीतला मासा, वर बर्फ, आणि चाळणीखाली ताट, असं सगळ्यात खालच्या मागच्या बाजूला ठेवते. परवावर ढकलायचा असेल तर आजच फ्रीझरमध्ये, एका जेवणापुरती चपटी पुडी करून, म्हणजे लवकर गोठते. बांगड्याला तेल फार, तो फ्रीझरमध्येही दीड-दोन महिन्यांत खवट होऊ लागतो. काढताना रात्रभर खालच्या कप्प्यात सुटू द्यावा, ओट्यावर नाही.

त्या दुपारी पिशवीतल्या दोनपैकी एक बांगडा मी आल्याआल्या साफ केला आणि खोक्यातल्या बांगड्यांबरोबर तळला. ताटात कोणता कुठला ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. नवरा ओळखू शकला नाही. मलाही, ठाऊक असून, फरक लागला नाही. दुसरा मात्र मुद्दाम ओट्यावर झाकून ठेवला होता, खाण्यासाठी नव्हे. तीन तासांनी आत्यांना दाखवला. वास नव्हता, डोळाही बरा होता. त्यांनी पोटावर अंगठा ठेवून जरासा दाबला. पोट फुटलं आणि अंगठा आत गेला. त्यांनी हात धुतला, पदराला पुसला आणि विचारलं, “ह्यो बी आजचाच व्हता का गं?”